सौद्याच्या पोटातले भाव

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दलाल स्ट्रीटच्या आसपासच्या कुठल्याही पेढीत गेलात तर सौद्यांची वही साधारण एकाच घाटाची दिसायची. लांबट, लाल कापडी पाठीची, शाईचा वास येणारी. तारीख, शेअरचं नाव, नग, घेतल्याचा भाव, विकल्याचा भाव आणि शेवटी नफा किंवा तोटा. तोट्याचा आकडा लाल शाईत. वर्षाच्या शेवटी ही वही चाळताना माणूस किती कमावलं, किती गमावलं हे पाहायचा आणि मिटून ठेवायचा. घेतल्याच्या आणि विकल्याच्या भावांमध्ये तो शेअर कुठे कुठे फिरून आला, याला वहीत जागाच नव्हती.

जागा नव्हती, कारण माहितीही नव्हती. रिंगणात ओरडून सौदे व्हायचे. आपला सौदा झाला की त्याचा भाव कळायचा, दिवसाचा उच्चांक आणि नीचांक दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपाच्या रकान्यांतून शोधायचा. काही हौशी मंडळी संध्याकाळी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने उभ्या रेघा मारत बसायची, एका शेअरला एक कागद. मला ते कागद फार आवडायचे. खोडरबराने झिजलेल्या त्या कागदांवर माणसाने शेअरकडे किती वेळ टक लावून पाहिलंय ते दिसायचं. पण त्या उभ्या रेघेवर आपली खरेदी नेमकी कुठल्या वेळेची, हे त्यातून कळायचं नाही.

आज तेच काम करणाऱ्या तरुणाकडे मिनिटामिनिटाचे भाव आहेत. नोव्हेंबर 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराचे पडदे सुरू झाले, मार्च 1995 मध्ये मुंबई शेअर बाजारही बोल्टवर गेला. तेव्हापासून प्रत्येक सौद्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदली जाऊ लागली. ही नोंद सामान्य माणसाच्या हातात यायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली. ती आल्यावर आपल्या रोजनिशीत दोन नवे रकाने पाडता येऊ लागले आणि स्टॉप लॉस कुठे ठेवायचा, टार्गेट कुठे ठेवायचं, या वादाला पहिल्यांदा पुराव्याचा आधार मिळाला.

पहिला रकाना कमाल प्रतिकूल चालीचा, म्हणजे सौदा उघडा असताना भाव आपल्या विरुद्ध जास्तीत जास्त किती गेला. दुसरा कमाल अनुकूल चालीचा, म्हणजे आपल्या बाजूने जास्तीत जास्त किती आला. व्यवहारात सगळे एमएई आणि एमएफई म्हणतात. जॉन स्वीनी या अमेरिकी लेखकाने नव्वदच्या दशकात या पहिल्या आकड्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा साधा होता. तुमचे जिंकणारे सौदे साधारण किती खोल जाऊन परत येतात ते मोजा. त्याच्या पलीकडे गेलेला सौदा बहुधा परत येत नाही, म्हणून स्टॉप तिथे ठेवा.

एक सौदा जवळून पाहू. शेअर 500 रुपयांना घेतला. दुसऱ्या दिवशी 494 पर्यंत घसरला, मग चढत 527 ला पोचला, परत फिरला आणि आपण 515 ला विकला. जुन्या वहीत याची नोंद एकच : 15 रुपये नफा. नव्या रोजनिशीत तीन आकडे येतात. विरुद्ध चाल 6 रुपये, बाजूची चाल 27 रुपये, हाती आलेले 15. आता शंभर रुपयांच्या शेअरमधले 6 रुपये आणि दोन हजारांच्या शेअरमधले 6 रुपये सारखे नाहीत, म्हणून हे आकडे त्या शेअरच्या नेहमीच्या हालचालीने भागतात. वेल्स वाइल्डरने 1978 मध्ये मांडलेला एटीआर, म्हणजे दिवसाच्या खऱ्या पल्ल्याची सरासरी, बहुधा 14 दिवसांची, इथे उपयोगी पडतो. आपल्या शेअरचा एटीआर 10 रुपये असेल तर विरुद्ध चाल 0.6, बाजूची 2.7 आणि निकाल 1.5 एटीआर. एटीआर मात्र खरेदीच्या आदल्या दिवशीचा धरायचा. नंतरचा घेतला तर मोठ्या हालचालीमुळे तोच फुगतो आणि चाल आहे त्यापेक्षा लहान दिसते.

लाल वह्यांच्या त्या काळात स्टॉप ठेवायचा तो डोक्यात. आमच्या पेढीतले शेठ दहा टक्क्यांचे माणूस होते. ‘दहा टक्के पडला की विकायचा, विचार करत बसायचं नाही,’ असं ते प्रत्येक नव्या मुलाला सांगायचे. दुसऱ्या टेबलावरचे काका पाच टक्के म्हणायचे. दोघांत दुपारी चहाच्या वेळी वाद व्हायचा आणि तो कधीच मिटायचा नाही, कारण मिटवायला आकडेच नव्हते. दोघेही आपापल्या आठवणीतले सौदे काढायचे. पाच टक्क्यांवर विकला आणि दुसऱ्याच दिवशी उसळला, तो शेठना आठवायचा. दहा टक्क्यांपर्यंत धरून ठेवला आणि दहाचे दहा गेले, तो काकांना. त्या वादात एक ऊब होती आणि दोघांचाही बाजाराचा अनुभव अस्सल होता. पण आठवण फक्त ठसठसणारे सौदे जपते आणि निमूटपणे चाललेले विसरते.

आज तो वाद कागदावर कसा सोडवता येतो, ते एका नमुन्याच्या वहीवर दाखवतो. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, रीत मात्र खरी आहे. समजा एकाच पद्धतीचे, काही दिवस धरून ठेवायचे 50 खरेदीचे सौदे आहेत. स्टॉप सगळ्यांना 2 एटीआर. त्यांपैकी 22 जिंकले आणि मिळून 44 एटीआर देऊन गेले. 28 हरले. त्यांतले 18 पूर्ण स्टॉपला लागले, म्हणजे 36 गेले. उरलेले 10 मुदत संपल्यामुळे थोड्या तोट्यात काढले, त्यांत 8 गेले. जमा 44, खर्च 44. बेरीज शून्य.

आता जिंकलेल्या 22 सौद्यांची विरुद्ध चाल लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची. अकरा सौदे अर्ध्या एटीआरच्याही आत राहिले. आणखी सात एका एटीआरच्या आत. 1.2 च्या पुढे जाऊन मग परत येऊन जिंकले ते फक्त तीन, आणि त्या तिघांनी मिळून 4 एटीआर दिले. इथे चित्र बोलायला लागतं. जिंकणारे सौदे लवकर जिंकायला लागतात, फार खोल जाऊन वर येणारे थोडे असतात आणि वर आले तरी थकलेले असतात.

मग स्टॉप 1.2 वर आणला असता तर काय झालं असतं? वहीत ज्याची विरुद्ध चाल 1.2 किंवा जास्त, त्याचा निकाल उणे 1.2 धरायचा. बाकीच्यांचा आहे तो ठेवायचा. त्यात स्टॉप लागताना भाव थोडा घसरून मिळतो, त्यासाठी प्रत्येक वेळी 0.1 वजा. स्प्रेडशीटमध्ये G रकान्यात विरुद्ध चाल आणि H मध्ये निकाल असेल तर एवढंच लिहायचं :

```
=IF(G2>=1.2,-1.3,H2)
```

हिशेब असा पडतो. ते तीन जिंकणारे गेले, म्हणजे 44 चे 40 उरले आणि वर तिघांचा तोटा 3.6. पूर्ण स्टॉपला लागलेले 18 आता 36 ऐवजी 21.6 ला पडले. मुदत संपून काढलेल्या दहांपैकी सहा 1.2 च्या पलीकडे गेले होते. आधी त्यांत 6 जायचे, आता 7.2 जातात. उरलेल्या चौघांचे 2 आहेत तसेच. सगळं मिळून 5.6 शिल्लक. एकूण 27 वेळा स्टॉप लागला, त्याचे 2.7 वजा करून 2.9 हाती. जुन्या स्टॉपलाही 18 वेळचे 1.8 वजा करायला हवेत, म्हणजे तिथली शून्याची बेरीज खरी उणे 1.8. फरक 4.7 एटीआरचा. पद्धत तीच, शेअर तेच, फक्त अंतर बदललं.

आणि स्टॉप अजून जवळ, अर्ध्या एटीआरवर आणला तर? अकरा जिंकणारे सौदे मारले जातात, उरलेले अकरा 22 देतात. हरणारे सगळे 28 अर्ध्याच्या पलीकडे गेले होते. एकूण 39 स्टॉप लागतात, त्यांचे 19.5 आणि घसरणीचे 3.9. बेरीज पुन्हा उणे 1.4. अगदी जवळचा स्टॉप आणि जुना लांबचा, दोन्ही टोकं तोट्यात. मला हे उदाहरण यासाठीच आवडतं की ते कुणाचीही बाजू घेत नाही.

पण 1.2 हा आकडा डोळे मिटून घ्यायचा नाही. तो उभा आहे तीन सौद्यांवर. त्यांतला एखादा जरी मोठा जिंकला असता तर हिशेब पार बदलला असता. म्हणून 1.0, 1.1, 1.3, 1.4 असे शेजारचे आकडेही लावून पाहायचे. सगळीकडे बेरीज साधारण सारखी आली तर तिथे खरंच काहीतरी आहे. फक्त 1.2 वरच शिखर आणि दोन्ही बाजूंना खड्डा असेल तर तो योगायोग समजायचा. आणि शक्य असेल तर जुन्या अर्ध्या सौद्यांवरून आकडा काढून तो नंतरच्या अर्ध्यावर तपासायचा, जे सौदे आकडा काढताना पाहिलेच नव्हते. पन्नास सौदे यासाठी कमीच पडतात.

जुन्या स्टॉपने आपली माहितीच कापलेली असते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 2 एटीआरवर स्टॉप होता, म्हणून वहीत विरुद्ध चाल 2 च्या पुढे सहसा दिसणारच नाही. ते 18 सौदे तिथेच थांबले. त्यांतले काही 2.3 ला जाऊन मग उसळले असतील, पण आपण तेव्हा बाहेर होतो आणि रोजनिशी त्या क्षणी बंद झाली. म्हणून ही रीत स्टॉप जवळ आणण्याबद्दल बरंच सांगते आणि लांब नेण्याबद्दल काहीच नाही. शेठचा दहा टक्क्यांचा दावा या वहीतून खोटा ठरत नाही, खराही ठरत नाही. त्यासाठी सौदा काढल्यावरही, मुळात धरायची होती तितकी मुदत संपेपर्यंत, भाव लिहीत राहावं लागतं. बाजूच्या चालीचंही तसंच. 515 ला विकल्यावर तो शेअर 560 ला गेला असेल तर 2.7 हा आकडा आपल्या विक्रीने कापलेला आहे.

टार्गेटकडे वळलं की मोह वाढतो. आपल्या नमुन्यात 16 जिंकणारे सौदे कधी ना कधी 2 एटीआरच्या वर गेले होते. हरलेल्यांपैकीही दोन तिथपर्यंत पोचून मग कोसळून स्टॉपला लागले. मग 2 वर टार्गेट लावून का नाही सुटायचं? या 16 पैकी 13 सौद्यांनी प्रत्यक्षात 20 दिले होते, टार्गेटने 26 मिळतात. दोन हरणारे उणे 2 वरून अधिक 2 वर येतात, म्हणजे 8 चा फायदा. इथवर सगळं गोड. पण उरलेल्या तीन सौद्यांनी एकट्यांनी 19 दिले होते आणि टार्गेटने त्यांचे 6 होतात. तेरा गेले. घसरण न धरता एकूण बेरीज शून्याऐवजी 1. इतकी कापाकापी करून जवळपास जागच्या जागी. फक्त वहीचं रूप बदललं : छोटे छोटे नफे जास्त, मोठा एकही नाही. अशा वहीत कडक टार्गेटपेक्षा भावाच्या मागोमाग सरकणारा स्टॉप तपासून पाहावा, असं माझं मत आहे. ज्या पद्धतीत मोठे तीन नसतात, बाजूची चाल ठरावीक जागी येऊन दाटते आणि मग परतते, तिथे टार्गेट शोभतं.

सरकणाऱ्या स्टॉपचा हिशेब मात्र या दोन रकान्यांतून निघत नाही. आधी खाली जाऊन मग वर आला, की आधी वर जाऊन मग खाली, हे दोन आकडे सांगत नाहीत. एक एटीआर नफा दिसला की स्टॉप खरेदीच्या भावावर आणायचा, हा सगळ्यांचा लाडका नियम तपासायचा तर क्रम हवाच. म्हणून मी प्रत्येक चालीशेजारी तिची वेळही लिहायला सांगतो.

वेळेवरून आठवलं. दिवसाचा उच्चांक-नीचांक घेऊन एमएई काढणारी मंडळी आजही आहेत, आणि तिथे वर्तमानपत्राच्या रकान्यातली जुनी अडचण तशीच परत येते. सकाळी दहाला शेअर 488 झाला, आपण बारा वाजता 500 ला घेतला, नंतर तो 498 च्या खाली गेलाच नाही. भावकॉपीतला नीचांक 488 म्हणतो आणि विरुद्ध चाल 12 रुपये दिसते, खरी 2 आहे. खरेदीचा आणि विक्रीचा दिवस तरी मिनिटांच्या भावांवरून मोजायला हवा. असे सौदे मिसळले की स्टॉप विनाकारण लांब ठेवावासा वाटतो.

दुसरी गफलत बोनसची. सौदा उघडा असताना एकास एक बोनस आला की भाव देणाऱ्या संस्था मागचे सगळे भाव अर्धे करून देतात. रोजनिशीत खरेदी 500 ला, उतरवलेल्या आकड्यांत तोच दिवस 250 चा. विरुद्ध चाल 25 एटीआर! एवढा भलता आकडा लगेच नजरेत भरतो. पण लाभांशाने झालेला दोन-तीन रुपयांचा फरक भरत नाही, तो गुपचूप चालीत मिसळून जातो. म्हणून खरेदीचा भाव त्या दिवसाच्या उच्चांक आणि नीचांक यांच्या मध्ये बसतो की नाही, एवढं प्रत्येक ओळीत तपासून घ्यावं. न बसणारी ओळ हमखास बिघडलेली असते. बारीक फरक त्यातूनही निसटू शकतो, म्हणून लाभांशाच्या तारखा वेगळ्या पाहाव्याच लागतात.

स्टॉप जवळ आणण्याची किंमत वेगळ्या ठिकाणीही मोजावी लागते. एका सौद्यात 10,000 रुपयांची जोखीम घ्यायची ठरली तर 20 रुपयांच्या स्टॉपला 500 शेअर येतात, 12 रुपयांच्या स्टॉपला 833. रात्रीत वाईट बातमी आली आणि शेअर सकाळी थेट 30 रुपये खाली उघडला, तर पहिल्यात 15,000 जातात, दुसऱ्यात जवळपास 25,000. अशा उघड्या दरीत स्टॉप कुठे होता याला काही अर्थ उरत नाही. त्यामुळे अंतर कमी केलं तरी नग त्याच पटीत वाढवू नयेत, निदान रात्रभर धरायच्या सौद्यांत तरी.

आणि आता जुन्या वहीबद्दल मनापासून. शेठच्या वहीत शेवटी आणखी एक रकाना असायचा, ‘का घेतला’. त्यात मराठी-गुजरातीच्या मिश्रणात दोन-चार शब्द असायचे : निकाल चांगला येणार, वरचा भाव तोडला, पडलाय म्हणून, अमुक दलाल घेतोय म्हणून. मुलांनी तो रिकामा सोडला तर शेठ वही परत पाठवायचे. ‘अरे, भाव तर कुणीही लिहील, तू का घेतलास ते लिही,’ म्हणायचे. आजच्या रोजनिश्या दलालाच्या खात्यातून आपोआप भरून येतात, सेकंदापर्यंत अचूक. पण हा रकाना आपोआप येत नाही, आणि तो नसला की वरचा सगळा हिशेब पोकळ होतो.

वरचा भाव तोडला म्हणून घेतलेला सौदा चालायचा असेल तर बहुधा लगेच चालतो, त्याची विरुद्ध चाल लहान असते. पडलाय म्हणून घेतलेला सौदा स्वभावानेच आणखी थोडा पडून मग वळतो. दोन्ही एकाच ढिगात टाकून स्टॉप काढला तर आकडा पहिल्याला सैल आणि दुसऱ्याला घट्ट बसतो, आणि बेरजेत दोघांचाही दोष दिसत नाही. वेगळे केले की जिंकणाऱ्यांच्या विरुद्ध चालीचे दोन ढीग दोन ठिकाणी पडलेले स्पष्ट दिसतात. नमुन्यात मी सुरुवातीलाच ‘एकाच पद्धतीचे’ म्हटलं ते यासाठी. खऱ्या आयुष्यात ही वर्गवारी सौदा घेतानाच, निकाल माहीत नसताना करावी लागते. नंतर आठवून लिहिलं की हरलेला सौदा नेमका ‘नियमाबाहेरचा’ निघतो.

आता मी ओळखीच्या तरुणांना रोजनिशी दाखवायला सांगतो तेव्हा आधी हा रकाना पाहतो, मग विरुद्ध चालीचा, आणि मग सौदा संपल्यानंतरचे भाव लिहिलेत का ते. पहिले दोन अलीकडे बऱ्याच जणांकडे असतात. तिसरा फार थोड्यांकडे असतो, आणि स्टॉपला लागलेल्या त्या अठरा सौद्यांचं पुढे काय झालं, हे तिथेच लिहिलेलं असतं.